हरळी की हिरवा गालिचा?



बारामतीत किंवा इंदापुरात संध्याकाळी फिरायला निघाले, की जाळीने बंदिस्त केलेली आणि प्रखर दिव्यांनी उजळलेली हिरवी पटांगणे आता दृष्टीस पडतात. मुले त्यांना ‘टर्फ’ म्हणतात आणि तासाच्या भाड्याने तेथे खेळतात. त्यांच्या आजी-आजोबांकडून दवाखान्यात तीन प्रश्न वारंवार येतात. नातवाचे गुडघे या कृत्रिम हिरवळीवर खराब तर होणार नाहीत? सकाळी आम्ही तेथे चालावे का? आणि गावासाठी मैदान करायचे झाल्यास खरे गवत परवडेल की हा गालिचा? या वेळच्या लेखात या तीन प्रश्नांचा एकत्र विचार करू.

प्रथम शब्दाचा घोळ दूर केला पाहिजे. जुन्या क्रिकेटप्रेमींच्या कानात ‘टर्फ विकेट’ हा शब्द वेगळ्या अर्थाने बसलेला आहे. काथ्याची चटई अंथरलेली ती ‘मॅटिंग विकेट’, आणि माती दाबून, गवत राखून केलेली ती ‘टर्फ विकेट’. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला, तो या जुन्या अर्थाच्या टर्फवर, म्हणजे माती व गवतावर. आजच्या मुलांचे ‘टर्फ’ म्हणजे प्लॅस्टिकच्या पात्यांचा गालिचा. त्याच्या खाली कोठे दाबलेला मुरूम असतो, तर कोठे काँक्रीट. पात्यांच्या मध्ये वाळू आणि बहुधा काळ्या रबराचे बारीक दाणे भरलेले असतात. पायाला जो मऊपणा जाणवतो, तो मुख्यतः या दाण्यांचा.

तिसरा प्रकार संकरित मैदानाचा. त्यात गवत खरेच असते. परंतु यंत्राने प्लॅस्टिकचे धागे जमिनीत टाचलेले असतात. फुटबॉलच्या अशा मैदानात धागा सुमारे २० सेंटिमीटर लांब असतो. त्यातील १८ सेंटिमीटर जमिनीत आणि केवळ दोन सेंटिमीटर वर. गवताची मुळे या धाग्यांभोवती वेटाळून बसतात आणि बुटांच्या ओरबाडण्याने ढेकूळ उपटून येत नाही. क्रिकेटसाठी आपल्या देशातील पहिली संकरित खेळपट्टी मे २०२४ मध्ये धरमशाला येथे सादर झाली. तिच्यात कृत्रिम धाग्यांचे प्रमाण सुमारे पाच टक्के आहे. बाकीचे सारे गवत आणि माती.

चेंडू काय सांगतो

चेंडूची उसळी हा खेळाडूंचा विषय, त्याच्याशी वैद्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा, की जमीन चेंडूचा आघात किती पोटात घेते आणि किती परत करते, हे उसळीवरून कळते. तीच जमीन पळणाऱ्या मुलाच्या टाचेचाही आघात झेलत असते. म्हणून कोणतेही उपकरण नसलेल्या आजोबांच्या हाती मैदान तपासण्याचे एक साधन आहे, ते म्हणजे नातवाचा फुटबॉल.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, कृत्रिम मैदानांसाठी ठरवलेली एक कसोटी अगदी साधी आहे. चेंडू दोन मीटर उंचीवरून नुसता सोडायचा, फेकायचा नाही, आणि तो किती वर येतो ते मोजायचे. उत्तम दर्जाच्या मैदानावर तो ६० ते ८५ सेंटिमीटर उसळावा. रोजच्या वापराच्या सार्वजनिक मैदानावर एक मीटरपर्यंत चालतो. तोच चेंडू काँक्रीटवर सोडला, तर सुमारे १३५ सेंटिमीटर वर येतो.

घरच्या घरी ही कसोटी घ्यायची झाल्यास प्रथम चेंडूत हवा नीट भरून घ्यावी. अंगणातील काँक्रीटवर तो साधारण १३५ सेंटिमीटर उसळतो ना, हे पाहावे. कमी उसळला तर दोष चेंडूचा आहे. मग एका काठीला तळापासून २०० सेंटिमीटरपर्यंत खुणा कराव्यात. एकाने काठी उभी धरावी, दुसऱ्याने चेंडूचा तळ २०० च्या खुणेशी आणून सोडावा, तिसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावे. चित्रण सावकाश फिरवून, सर्वांत वर आलेल्या चेंडूचा तळ कोणत्या खुणेशी आहे ते वाचावे. एका जागी तीन वेळा आणि मैदानाच्या चार-पाच जागी हे करावे.

समजा, कोपऱ्यात ८० सेंटिमीटर आले, मध्यभागी ९५ आले आणि गोलसमोर, जेथे सर्वांची सर्वाधिक पळापळ होते, तेथे १०८ आले. याचा अर्थ असा, की कोपऱ्यात रबराचे दाणे अजून जागच्या जागी आहेत. गोलसमोरचे दाणे पायांनी बाजूला गेले आहेत किंवा दबून घट्ट झाले आहेत. तेथे मूल जवळजवळ खालच्या टणक थरावरच पळत आहे. तेथे पाती आडवी पडलेली दिसतील आणि बोटाने चाचपले तर दाण्यांचा थर कोपऱ्यापेक्षा पातळ लागेल. यावर उपाय महागडा नाही. काठाला साचलेले दाणे पसरून, कमी पडल्यास नवे घालून, ताठ ब्रशने पाती उभी करावी लागतात. हे नियमित होते की नाही, एवढे मालकाला विचारण्याचा अधिकार भाडे देणाऱ्याला आहेच.

या कसोटीला एक मर्यादा आहे. चेंडूचे वजन अर्ध्या किलोहूनही कमी, त्यामुळे त्याला वरच्या थराचीच ओळख होते. पन्नास किलोच्या मुलाची टाच खालच्या थरापर्यंत पोहोचते. म्हणून उसळी जास्त आली तर मैदान टणक झाले असा संशय अवश्य घ्यावा. परंतु उसळी बरोबर आली म्हणजे खाली काँक्रीट नाही, असे मात्र समजू नये. खाली काय आहे, हे विचारूनच घ्यावे लागते.

खऱ्या गवताच्या मैदानाला हा एक आकडा लावताच येत नाही, कारण ते ऋतूप्रमाणे बदलते. आपल्याकडील काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि फरशीसारखी कडक होते. तेव्हा चेंडू उंच उडतो, आणि भेगेच्या कडेवर पडला तर भलतीकडेच जातो. जुलैत तीच माती फुगते, पाणी धरून ठेवते, आणि चेंडू जागीच बसतो. दाट गवताचे आच्छादन असेल, तर हे दोन्ही टोकांचे वागणे सौम्य होते. नुसते हिरवट दिसणारे आणि मध्ये उघडे पडलेले मैदान हे गवताचे मैदान नव्हेच. संकरित मैदानाचे खरे सामर्थ्य येथे आहे: धागे माती बांधून ठेवतात, त्यामुळे पहिल्या तासाची आणि शेवटच्या तासाची उसळी एकमेकींच्या जवळ राहते.

थकवा कशाने येतो

मुले सांगतात, की टर्फवर लवकर दमायला होते. यात तथ्य किती? स्वीडनमधील उच्च दर्जाच्या फुटबॉलपटूंचे दोन्ही पृष्ठभागांवरचे सामने मोजून पाहिले गेले. एकूण धाव आणि वेगवान धावांची संख्या दोन्हीकडे सारखीच निघाली. कृत्रिम मैदानावर घसरून चेंडू काढण्याचे प्रसंग कमी होते आणि जवळच्या जवळ चेंडू देण्याचे अधिक. तरीही पुरुष खेळाडूंनी कृत्रिम मैदानावर शरीराला अधिक कष्ट पडल्याचे सांगितले. हा अनुभव केवळ मनाचा खेळ म्हणून बाजूला सारता येत नाही. धावलेले अंतर मोजून स्नायूंवरचा सारा ताण मोजला जात नाही.

ताणाचे एक कारण पकडीत आहे. गवतावर वळताना ढेकूळ थोडे सुटते आणि पाय किंचित सरकतो. प्लॅस्टिकच्या पात्यांत लांब खिळ्यांचा बूट रुतला, तर तो सुटत नाही. वळण्याचा सारा जोर घोटा आणि गुडघा यांवर येतो. म्हणून कृत्रिम मैदानावर लांब खिळ्यांचे बूट नकोत. तळाला लहान-लहान रबरी उंचवटे असलेले बूट मिळतात, तेच योग्य. आठ ते चौदा वर्षांचे मूल खेळून आल्यावर टाच दुखते म्हणाले, चवड्यावर चालू लागले, तर वाढत्या हाडाच्या भागावर ओढ बसत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी काही आठवडे खेळ कमी करावा, टाचेखाली मऊ गादी द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे. पट्टी बांधून खेळत राहणे हा उपाय नव्हे.

थकव्याचे दुसरे कारण उष्णता. आपल्या भागात, माझ्या मते, हेच सर्वांत महत्त्वाचे. गवत मुळांनी पाणी ओढते आणि पात्यांतून बाष्परूपाने सोडते, त्यामुळे उन्हातही ते हवेच्या तापमानाच्या आसपास राहते. प्लॅस्टिकला ही सोय नाही. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली कृत्रिम मैदानाची मोजणी झाली. उन्हात तापलेल्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ७९ अंश सेल्सिअस होते. पाणी मारताच ते २९ अंशांपर्यंत उतरले. पाच मिनिटांत ४९ वर आले आणि वीस मिनिटांत ७३ वर पोहोचले. सामन्यापूर्वी पाणी शिंपडले की मैदान थंड झाले, या समजुतीचे आयुष्य किती असते, ते यावरून दिसते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवाच चाळीस अंशांच्या घरात असते.

येथे वयस्कर वाचकांनी थोडे थांबावे. सकाळी गवतावर अनवाणी चालावे, हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. तो गवतासाठी आहे. इंदापूर भागातील एकाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ, अठरा वर्षांचा मधुमेह असलेले, एप्रिलमध्ये नातवाचा खेळ पाहायला गेले. सकाळचे साडेदहा झाले होते. हिरवळ दिसली म्हणून चपला काठाला काढून त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. पाय भाजल्याचे त्यांना कळलेच नाही. संध्याकाळी पाय धुताना सूनबाईंच्या लक्षात आले, की दोन्ही तळव्यांवर फोड आले आहेत. मधुमेहाने तळव्यांची संवेदना मंदावलेली असते. शरीराचा धोक्याचा इशारा तेथून निघतच नाही. त्या फोडांतील एकाची जखम भरायला सात आठवडे लागले.

कडकडीत पाण्याचे तापमान ६० अंश असेल, तर त्वचा काही सेकंदांत भाजते. प्लॅस्टिकची पाती उष्णता त्यापेक्षा सावकाश देतात. परंतु चालणारा माणूस त्यावर दोन-चार मिनिटे सहज असतो. म्हणून मधुमेही व्यक्तीने कृत्रिम हिरवळीवर कोणत्याही वेळी अनवाणी चालू नये. इतरांनी पंजाची मागची बाजू पृष्ठभागावर सात सेकंद टेकवून पाहावी. हात काढून घ्यावासा वाटला, तर ते मैदान त्या वेळी मुलांसाठीही नव्हे. सूर्य मावळल्यावर प्लॅस्टिक लवकर निवते. त्या दृष्टीने दिव्याखालचा खेळ चांगलाच आहे.

काठावर बसणाऱ्यांनाही ही झळ लागते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी तापलेल्या मैदानाशेजारी तासभर बसू नये. चालण्यासाठी सकाळी लवकर, बूट घालून, हे मैदान वाईट नाही. गवताच्या मैदानातील खड्डे आणि उंदरांची बिळे येथे नसतात. परंतु गालिच्याचे दोन तुकडे जेथे जोडलेले असतात, तेथील उसवलेल्या कडा पाहून घ्याव्यात. पाय फरफटत चालणाऱ्या माणसाला पाडायला एक बोटभर उचललेली कड पुरते. तोल कमी झालेल्यांनी खोल दाण्यांच्या मऊ मैदानापेक्षा सपाट, टणक वाटच धरावी. मऊ जमीन गुडघ्याला सुखावते, पण घोट्याला जमिनीचा अंदाज नीट येऊ देत नाही.

खर्च कोठे जातो

आता गावाच्या मैदानाचा प्रश्न. कृत्रिम मैदानाचा खर्च आरंभी एकदम दिसतो आणि गवताचा रोज थोडा-थोडा. आपल्या दोन तालुक्यांत हा रोजचा खर्च प्रामुख्याने पाण्याचा आहे. नीरा डावा कालवा आणि उजनीचे फुगवट्याचे पाणी यांमुळे काही भाग बागायती झाला असला, तरी पाऊस मूळचा पाचशे मिलिमीटरच्या आसपास. कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्या गावाला मैदानासाठी पाणी मागताना हिशेब दाखवता आला पाहिजे.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. कडक उन्हाळ्यात हरळीच्या मैदानाला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरू. तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा लहान मैदानाचे क्षेत्र ६०० चौरस मीटर. म्हणजे रोज ३,००० लिटर. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेले आहे. त्या मापाने हे चोपन्न माणसांचे पाणी झाले. पूर्ण फुटबॉल मैदान १०५ गुणिले ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. त्याला रोज ३५,७०० लिटर लागतील. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर, किंवा साडेसहाशे माणसांचे पाणी. सांडपाणी प्रक्रिया करून वापरता आले तर हे चित्र बदलते. पिण्याच्या पाण्यावर मोठे मैदान पोसणे मात्र येथे कठीण आहे.

या हिशेबात हरळीची एक बाजू सांगायलाच हवी. उसाच्या फडात जिला उपटून-उपटून शेतकरी टेकीला येतो, तीच ही हरळी, तीच पूजेतील दूर्वा, आणि उष्ण प्रदेशातील मैदानांचेही तेच मुख्य गवत. पाणी तुटले तर ती पिवळी पडते, पण मुळे आणि जमिनीतली खोडे जिवंत राहतात; पाऊस येताच ती पुन्हा पसरते. बोअरचे किंचित खारट पाणीही ती बऱ्यापैकी सोसते. म्हणजे उन्हाळ्याचे दोन महिने मैदानाला विश्रांती देण्याची तयारी असेल, तर वरचा आकडा बराच खाली येतो. राहतो तो कापणीचा, खड्डे माती-वाळूने भरण्याचा आणि रोलर फिरवण्याचा खर्च. आणखी एक अट अशी, की गवताला खेळानंतर सावरायला वेळ लागतो. सकाळ-संध्याकाळ रोज दोनशे मुले एकाच पट्ट्यात खेळली, तर कितीही पाणी घातले तरी तेथे माती उघडी पडेलच.

कृत्रिम मैदान अशा गर्दीला तोंड देते. त्याची देखभाल म्हणजे पाला काढणे, पाती ब्रशने उभी करणे, दाणे भरणे, सांधे चिकटवणे. पण पाती झिजतात, उन्हाने ठिसूळ होतात, आणि साधारण आठ-दहा वर्षांत, वापर फार असेल तर त्याआधीच, गालिचा बदलावा लागतो. जुना गालिचा, त्यातील वाळू आणि रबर कोठे टाकायचे, हा प्रश्नही तेव्हाच उभा राहतो. म्हणून वर्गणी काढताना बदलीसाठी दरवर्षी काही रक्कम बाजूला पडते आहे ना, हे विचारावे. तशी सोय नसलेल्या मैदानांत शेवटची दोन-तीन वर्षे मुले झिजलेल्या गालिच्यावर खेळतात, आणि चेंडू मीटरभरापेक्षा वर उडू लागतो.

संकरित मैदान आपल्या गावांसाठी नाही, असे मी स्पष्टच म्हणेन. गवत खरे असल्यामुळे पाणी, कापणी आणि खत यांतील काहीच वाचत नाही. फुटबॉलच्या मैदानाखाली निचऱ्यासाठी वाळूचा थर असतो. वाळू पाणी धरत नाही, म्हणून ते अधिक नियमाने द्यावे लागते. धागे टाचण्याचे खास यंत्र आणि गवत सांभाळणारा जाणकार माणूस हा खर्च वेगळाच. जेथे मोठे सामने लागोपाठ होतात आणि उसळी शेवटपर्यंत एकसारखी हवी असते, तेथे तो शोभतो.

तेव्हा गावाने असा विचार करावा. शाळेला मोठी जागा आहे, मुले पांगून खेळतात आणि उन्हाळ्यात मैदानाला सुटी देता येते, तेथे हरळी राखावी. जागा लहान, मुले अनेक आणि पाणी मोजके, तेथे कृत्रिम मैदान घ्यावे. मात्र खाली आघात शोषणारा थर, काठाला सावली आणि एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊ ते सूर्यास्त खेळ बंद, या तीन अटी कागदावर लिहून घ्याव्यात. आणि त्या हिरवळीवर पाऊल ठेवताना आजी-आजोबांनी चपला-बूट पायांतच असू द्यावेत.